९:१६ ला ९:२९ चा भाव माहीत असलेली स्ट्रॅटेजी

प्रोजेक्टसाठी मी निफ्टीवर एक स्ट्रॅटेजी बॅकटेस्ट करत होते, म्हणजे जुन्या डेटावर नियम चालवून बघायचं की तेव्हा असंच केलं असतं तर काय झालं असतं. नियम अगदी साधा, कोणीही युट्यूबवर सांगतो तसला. १५ मिनिटांची कँडल घ्यायची, म्हणजे तेवढ्या वेळातले भाव एका तुकड्यात, तिचा क्लोज म्हणजे शेवटचा भाव ५० कँडलच्या ईएमएच्या, म्हणजे ताज्या भावांना जास्त वजन देणाऱ्या सरासरीच्या, वर असला तर घेऊन बसायचं, खाली गेला की विकून मोकळं. शॉर्ट वगैरे काही नाही. आणि रिझल्ट काय आला तर वर्षाला साठ टक्क्यांच्या वर, एकही महिना तोट्यात नाही, ग्राफ असा सरळ वर चाललेला की बघतच राहावं.

आता मी अगदीच भोळी नव्हते. बॅकटेस्टमध्ये सगळ्यात कॉमन चूक कुठली ते वर्गातल्या निम्म्या पोरांना पाठ असतं, लुक-अहेड. म्हणजे आजचा क्लोज बघून सिग्नल काढायचा आणि नफा पण आजच्याच दिवसाचा मोजायचा. ज्या दिवशी मार्केट वर गेलं त्या दिवशी आपण आधीच घेतलेलं होतं असं दाखवायचं, मग काय, नफाच नफा. ते टाळायला `shift(1)` लावतात, सिग्नल एक ओळ खाली सरकवायचा, म्हणजे आजच्या सिग्नलवर उद्याचा नफा मोजला जातो. तो माझ्या कोडमध्ये होता! म्हणूनच तर मी निर्धास्त होते. कोणी विचारलं की लुक-अहेड तपासलं का, तर मी लगेच ती ओळ दाखवायचे.

कोड हा असा होता, महत्त्वाचा भाग तेवढा देते:

```python
c = df["close"].resample("15min").last().dropna()
ema = c.ewm(span=50, adjust=False).mean()
sig = (c > ema).astype(int)
df["sig"] = sig.reindex(df.index, method="ffill").shift(1).fillna(0)
df["pnl"] = df["sig"] * df["close"].pct_change()
```

`df` म्हणजे एक मिनिटाचा डेटा. मार्केट ९:१५ ते ३:३०, म्हणजे दिवसाला ३७५ ओळी. `resample` ने त्यांच्या १५ मिनिटांच्या २५ कँडल बनवल्या, कँडलवर सिग्नल काढला, आणि `reindex` ने तो सिग्नल परत एकेका मिनिटावर पसरवला. `ffill` म्हणजे पुढचा सिग्नल येईपर्यंत मागचाच चालू ठेव. नुसतं वाचून यात चूक दिसत नाही, मला तरी दिसली नाही, रूममेटला पण नाही आणि तिचं पायथन माझ्यापेक्षा बरंच चांगलं आहे.

पहिली शंका आली ती खर्च टाकल्यावर. ब्रोकरेज, एसटीटी म्हणजे व्यवहारावरचा कर, स्लिपेज म्हणजे ठरवलेल्या आणि मिळालेल्या भावातला फरक, सगळं धरायचं म्हणून बसले. फ्युचर्सवरचा एसटीटी १ ऑक्टोबर २०२४ पासून विक्रीच्या बाजूला ०.०१२५ वरून ०.०२ टक्के झाला, ते बघून मी प्रत्येक खरेदीला आणि प्रत्येक विक्रीला सरसकट ०.०३ टक्के कापायचं ठरवलं. ही स्ट्रॅटेजी सरासरी दिवसातून एकदा आत-बाहेर करते, त्यामुळे वर्षाचा खर्च पंधरा टक्क्यांच्या आसपास जातो, आणि एवढं कापूनसुद्धा ग्राफ जवळपास तसाच! जरा चपटा झाला एवढंच. नुसता ईएमए बघून घेणं-विकणं हे जगातला प्रत्येक माणूस करून बसलाय, त्यात इतकं शिल्लक असेल तर ते लोक गप्प का बसलेत, हा प्रश्न डोक्यात यायला पाहिजे होता, आला पण, पण ग्राफ इतका गोड होता की मी त्याला उत्तर शोधायच्या ऐवजी खर्च अजून वाढवून बघत बसले.

मग एक टेस्ट केली जी ऐकायला फार भारी वाटते. डेटा मध्येच कापायचा, कापलेल्या डेटावर सिग्नल परत काढायचे, आणि पूर्ण डेटावर काढलेल्या सिग्नलशी जुळवायचे. कोड भविष्य बघत नसेल तर कापण्याच्या आधीचे सगळे सिग्नल तसेच्या तसे यायला पाहिजेत, कारण पुढे काय झालं याच्याशी मागच्या सिग्नलचा संबंध काय? मी एका दिवसाच्या शेवटी कापला, जुळवला, एकही फरक नाही. दुसऱ्या दिवशी कापला, तिथेही शून्य. झालं, मी वहीत ‘लुक-अहेड नाही’ असं लिहून टाकलं. ही टेस्ट चांगलीच आहे, फक्त मी कुठे कापत होते ते लक्षात ठेवा, त्याच्यावर परत येते.

खरी गडबड कळली ती खोट्या डेटावर. सरांनी सहज सांगितलं होतं की तुझा बॅकटेस्ट रँडम भावांवर चालवून बघ, तिथे काही मिळायला नको. म्हणजे तारखा-वेळा त्याच ठेवायच्या, फक्त भाव नाणं उडवल्यासारखे बनवायचे:

```python
rng = np.random.default_rng(7)
step = rng.normal(0, 0.0003, len(df))
df["close"] = 24000 * np.exp(step.cumsum())
```

०.०००३ अशासाठी की दिवसभराच्या ३७५ मिनिटांचा मिळून हेलकावा साधारण ०.६ टक्के होतो, निफ्टी दिवसभरात जसा हलतो त्याच्या जवळपास. यात ना बातमी आहे ना ट्रेंड आहे ना कोणी मोठा प्लेयर. पुढचं मिनिट वर जाणार की खाली याचा मागच्या मिनिटाशी काडीचा संबंध नाही. इथे कुठलाही नियम लावला तरी खर्च धरायच्या आधी सरासरी शून्यच आली पाहिजे, थोडं वर, थोडं खाली.

माझी स्ट्रॅटेजी तिथे पण सरळ रेषेत वर.

मला वाटलं योगायोग, एखादा सीड, म्हणजे रँडम आकडे कुठून सुरू करायचे ते ठरवणारा नंबर, लागला असेल. ७ च्या जागी ८ टाकलं, ११ टाकलं, १०० टाकलं, मग लूपच लावला. सगळ्यांत नफा, आणि सगळ्यांचा आकडा पण साधारण सारखा. एका सीडवर नफा झाला असता तर नशीब म्हणता आलं असतं, पण प्रत्येक वेळी तेवढाच नफा म्हणजे तो भावांतून येतच नाहीये, कोडमधून येतोय. इतके दिवस मी ज्याला निफ्टीतली ‘एज’ म्हणून मिरवत होते ती निफ्टी काढून घेतला तरी शिल्लक होती. जाम पोटात गोळा आला, कारण अ‍ॅबस्ट्रॅक्ट तोपर्यंत सबमिट झालेला होता.

पण चूक आहे हे कळलं म्हणजे कुठे आहे हे कळतं असं नाही ना. `ewm` बघितलं, ते मागचंच बघतं. `pct_change` पण मागचंच. `shift(1)` जागेवर आहे. मी तर `shift(2)` करून बघितलं, नफा किंचित कमी झाला, `shift(3)` ला अजून किंचित. हे खरं तर केवढं सांगणारं होतं, एक-एक मिनिट उशीर केला की नफा हळूहळू वितळतोय, पण तेव्हा मला ते कळलं नाही. मी त्याला ‘स्ट्रॅटेजी उशिराला पण टिकते’ असा अर्थ लावला. असो.

रविवारी मावशीकडे जेवायला जाते, सिडकोत. मावसभाऊ अंबडच्या एमआयडीसीत एका कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहे, शेअर मार्केटचं त्याला शून्य ज्ञान, पण दिवसभर मशीनचे रिपोर्ट बघणारा माणूस. जेवण झाल्यावर मी लॅपटॉप उघडून बसले तर म्हणाला, काय एवढं तोंड पाडून बसलीयेस. मी कँडलचं टेबल दाखवलं. ९:१५, ९:३०, ९:४५, आणि समोर एकेक भाव.

“हा ९:१५ समोरचा आकडा कधीचा आहे?”

“त्या कँडलचा क्लोज, दादा.”

“हो पण कधीचा? ९:१५ चा?”

“नाही, कँडल संपते तेव्हाचा. ९:२९ च्या मिनिटाचा.”

“मग त्याच्यापुढे ९:१५ का लिहिलंय? आमच्याकडे पण ७ ची शिफ्ट म्हणून रिपोर्ट येतो, पण त्यातले पीस ३ वाजता मोजतात. तो रिपोर्ट बघून सकाळी ७ ला कोणी डिस्पॅच लावला तर काय लावणार?”

मी नुसती बघत राहिले त्याच्याकडे. मावशी आतून विचारतेय ताक घेणार का, आणि मी उत्तरच देत नाहीये.

काय होत होतं ते सांगते, आकडे सोपे करून. समजा ईएमए २४,००० च्या आसपास आहे. ९:१५ चं मिनिट २३,९८५ ला बंद झालं. मग मार्केट वर सरकलं आणि ९:२९ चं मिनिट बंद झालं २४,०३० ला. म्हणजे कँडलचा क्लोज २४,०३०, ईएमएच्या वर, सिग्नल १. हा सिग्नल खऱ्या आयुष्यात कळतो ९:३० ला, आणि तेव्हा घ्यायला गेलं तर भाव २४,०३० च्या आसपास. पण `resample` ने त्या कँडलला नाव दिलं ९:१५. मग `reindex` ने तो सिग्नल ९:१५ च्या मिनिटापासून पसरवला. मग माझा लाडका `shift(1)` आला आणि त्याने तो सरकवला, किती? एक ओळ. ओळ म्हणजे एक मिनिट! ९:१५ चा ९:१६ झाला. म्हणजे माझी स्ट्रॅटेजी २३,९८५ ला घेत होती, कारण तिला माहीत होतं की अजून तेरा-चौदा मिनिटांनी भाव २४,०३० असणार आहे. ४५ पॉइंट फुकट. आणि विकताना पण तेच, जी कँडल ईएमएच्या खाली बंद होणार आहे तिच्या सुरुवातीलाच बाहेर, पडझड सुरू व्हायच्या आधी.

सिग्नल बदलतो अशा प्रत्येक कँडलला हे होत होतं, म्हणून ग्राफ इतका सरळ, म्हणून रँडम भावांवर पण तोच नफा, आणि म्हणूनच `shift` वाढवला की नफा हळूहळू कमी. मग मी तो १५ पर्यंत नेऊन बघितला आणि रँडम डेटावर सगळं शून्याजवळ येऊन बसलं. १५ मिनिटांच्या कँडलला १५ मिनिटांचा उशीर. आदल्या आठवड्यात तीनवर न थांबता पुढे गेले असते तर दादाची गरजच पडली नसती.

आता ही चूक आली कुठून, हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, म्हणजे आता आवडतो. हा कोड मी मुळात डेली डेटावरून वीकली सिग्नल काढायला लिहिला होता, तिथे `"15min"` च्या जागी `"W"` होतं. आणि तेव्हा तो बरोबर होता! मी हाताने पडताळला होता, पाच-सहा आठवडे वहीत मांडून. गंमत अशी की पँडाजमध्ये, म्हणजे ज्या पायथन लायब्ररीत हे सगळं चालतं तिच्यात, `resample` वीकली केलं तर आठवड्याला नाव मिळतं शेवटच्या दिवसाचं, रविवारचं. शुक्रवारचा क्लोज रविवारच्या नावावर, म्हणजे `ffill` केल्यावर तो सोमवारपासून लागू होतो, एकदम बरोबर. महिना, तिमाही, वर्ष यांच्या अखेरीचे पर्याय घेतले तरी तसंच, शेवटची तारीख. पण मिनिट, तास, दिवस यांना नाव मिळतं सुरुवातीचं. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे, `label` नावाच्या पर्यायाखाली, पण तो पर्याय मी कधी दिलाच नव्हता त्यामुळे वाचायचा प्रश्नच नव्हता. एक शब्द बदलला, `"W"` चा `"15min"` केला, एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि नाव आठवड्याच्या शेवटावरून कँडलच्या सुरुवातीवर आलं.

आणि ती कापाकापीची टेस्ट पास का झाली? मी दर वेळी दिवसाच्या शेवटी कापत होते. ३:२९ चं मिनिट म्हणजे दिवसाच्या शेवटच्या कँडलचं पण शेवटचं मिनिट. तिथे कापलं तर कुठलीच कँडल अर्धवट राहत नाही, मग फरक पडणार कुठून. १०:२० ला कापून बघा, १०:१५ ची कँडल अर्धवट, तिचा ‘क्लोज’ आता १०:२० चा भाव. पूर्ण डेटात तोच क्लोज १०:२९ चा. हे दोन भाव ईएमएच्या दोन बाजूंना असले की सिग्नल वेगळा येतो. एकाच ठिकाणी कापून पण भागत नाही, कारण बहुतेक वेळा दोन्ही भाव एकाच बाजूला असतात आणि फरक शून्य दिसतो. मी शेवटी वेगवेगळ्या दिवसांतली, कँडलच्या मध्यावरची भरपूर मिनिटं रँडम निवडून कापत गेले, तेव्हा कुठे धडाधड फरक दिसायला लागले, आणि सगळे कापण्याच्या आधीच्या शेवटच्या काही मिनिटांतलेच.

दुरुस्ती एवढीशी आहे, सिग्नल मिनिटांवर पसरवायच्या आधी कँडलच्या टेबलातच सरकवायचा:

```python
sig = (c > ema).astype(int).shift(1)
df["sig"] = sig.reindex(df.index, method="ffill").shift(1).fillna(0)
```

आता पहिला `shift` एक कँडलचा आणि दुसरा एक मिनिटाचा. ९:१५ च्या कँडलचा सिग्नल ९:३० च्या नावावर जातो आणि पोझिशन ९:३१ पासून. दुसरा काढला तरी भविष्य दिसत नाही, पण मग ९:२९ च्या क्लोजलाच, त्याच क्षणी, ऑर्डर लागली असं गृहीत धरावं लागतं, ते मला जरा जास्तच उदार वाटलं म्हणून ठेवला. `resample` मध्ये `label="right"` देऊन पण चालतं, रूममेटला ते जास्त स्वच्छ वाटतं. मला `shift` डोळ्यांना दिसतो म्हणून बरा वाटतो.

दुरुस्तीनंतर रँडम डेटावर काही सीड वर, काही खाली, सरासरी शून्याच्या आजूबाजूला, जसं पाहिजे तसं. खऱ्या निफ्टीवर खर्चाच्या आधी थोडासा नफा राहतो, खर्च कापला की तोटा. ज्या पंधरा टक्क्यांनी आधी ग्राफला फक्त खरचटलं होतं त्यांनीच आता पूर्ण खाली खेचला.

सरांकडे गेले तेव्हा वाटलं आता प्रोजेक्ट बदला म्हणतील. त्यांनी दोन्ही ग्राफ शेजारी ठेवून बघितले आणि म्हणाले, रिपोर्टमध्ये दोन्ही टाक, आणि रँडमचा तिसरा पण टाक, फक्त टायटलमधून ‘प्रॉफिटेबल’ शब्द काढ. बाबांना फोनवर सांगितलं की स्ट्रॅटेजी तोट्यात आहे, तर त्यांना वाटलं मी खरे पैसे लावले होते, मग अर्धा तास ते समजावण्यात गेला. आईने मध्येच फोन घेऊन विचारलं, किती गेले? काहीच गेले नाहीत आई, कॉम्प्युटरवर होतं. मग रडतेस कशाला. रडत नव्हते, सर्दी होती.

आता कमी ट्रेड व्हावेत म्हणून ३० मिनिटांच्या कँडलवर तेच करून बघतेय. या वेळी पहिल्यांदा टेबल छापून बघितलं, तर पहिली कँडल ९:०० ची आणि दुसरी ९:३० ची. मार्केट तर ९:१५ ला उघडतं! पँडाज मध्यरात्रीपासून अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडतो, त्यामुळे पहिल्या कँडलमध्ये १५ च मिनिटांचा माल आणि बाकीच्यांत ३० चा. १५ मिनिटांना हे कळलंच नव्हतं कारण ९:१५ त्यात बरोबर बसतं. `offset="15min"` दिलं की कँडल ९:१५, ९:४५ अशा पडतात, पण मग दिवसाची शेवटची ३:१५ ची अर्धी राहते, कारण ३७५ ला ३० ने भाग जात नाही. ती टाकून द्यायची की ठेवायची यावर रूममेटशी वाद चालू आहे. ती म्हणते टाक, मी म्हणते शेवटच्या पंधरा मिनिटांत मार्केट एवढं हलतं, ते टाकून कसं चालेल.